नुसता निबंध आला, सोबत एक ओळही नाही, तर आधी काय करायचं?

«मी सहा महिन्यांपासून घरून मराठी प्रूफरीडिंगची कामं घेतेय. आता ओळखीतून लोक व्हॉट्सॲपवर नाहीतर मेलमध्ये आख्खा निबंध पेस्ट करतात आणि पुढे काहीच लिहीत नाहीत. सारांश हवाय, चुका काढायच्यात की लेख कसा झालाय ते सांगायचंय, काही कळत नाही. दर वेळी विचारत बसले तर यांना काम येत नाही असं वाटेल का? तुम्ही कसं ठरवता?»

विचारायचं तर असतंच, त्यात कमीपणा काही नाही, पण मजकूर न वाचता लगेच "काय करू याचं?" असं विचारलंत ना, तर उत्तर येतं "बघा ना जरा". आणि त्या "बघा ना जरा" मधून तुम्हाला काहीच मिळत नाही, कारण सारांश, शुद्धलेखन, समीक्षा असे तीन वेगळे कप्पे आपल्या डोक्यात असतात, पाठवणाऱ्याच्या डोक्यात नसतात. त्याला एवढंच माहीत असतं की हे कुणा जाणकाराच्या नजरेखालून जायला हवं. मी २२ वर्षं हे करतेय, आधी साप्ताहिकात, मग दिवाळी अंक आणि संस्थांच्या स्मरणिका, आता बरीचशी स्पर्धा परीक्षेची मुलं, आणि माझी पद्धत अशी की पहिली पंधरा मिनिटं मजकुरावर घालवायची, त्यातून जेवढं कळेल तेवढं काढून घ्यायचं, थोडंसं काम करून पाठवायचं आणि त्याच्याच शेवटी एक प्रश्न विचारायचा.

सगळ्यात आधी बघायचं ते हे, की पाठवणाऱ्यानं हे स्वतः लिहिलंय का. आपण गृहीत धरतो की लिहिलंय, आणि तिथेच फसतो. पेस्ट केलेल्या मजकुरात खुणा राहिलेल्या असतात. मधेच एकटा पडलेला पान क्रमांक, वाक्य अर्ध्यात तुटून खालच्या ओळीवर गेलेलं, परिच्छेदाच्या शेवटी "साभार", कुठेतरी तळटीपेचा आकडा आहे पण तळटीप नाही, असं दिसलं की समजायचं हे कुठल्यातरी छापील किंवा पीडीएफ मजकुरातून उचललंय. वेलांटी एक अक्षर सरकलेली, रफार भलत्याच अक्षरावर, जोडाक्षरं फुटलेली, आणि हे सगळं एकाच पद्धतीनं पानभर, तर ते जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना झालेलं असतं, लेखकाचं शुद्धलेखन कच्चं आहे असा त्याचा अर्थ नाही. म्हणजे तो मजकूर आधी एकदा टाइपसेट झालाय, कदाचित छापूनही आलाय. दुसऱ्याच्या छापलेल्या लेखातले ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करून पाठवण्यात काही अर्थ नसतो, त्या माणसाला बहुधा त्यात काय म्हटलंय ते थोडक्यात हवं असतं, किंवा तुमचं मत.

हे मी एकदा फार वाईट पद्धतीनं शिकले. एका ओळखीच्या गृहस्थांनी शेतीवरचा एक जुना लेख पाठवला, बाराशे शब्दांचा, वर खाली काही नाही. मी रात्री बसून सगळा तपासला, ऐंशीच्या वर दुरुस्त्या केल्या, तीन वाक्यं "ही पुनरुक्ती आहे, काढता येतील" असं लिहून पाठवलं. तो त्यांच्या वडिलांचा लेख होता, वडील नुकतेच गेलेले, आणि त्यांना शोकसभेत वाचायला त्यातला सार दहा ओळींत हवा होता. ते काही बोलले नाहीत, "बरं, धन्यवाद" एवढंच लिहिलं, पण त्या लाल खुणा मला परत घेता आल्या नाहीत. तेव्हापासून "हे तुमचं आहे का" हे कळल्याशिवाय मी कुठल्याही मजकुराला हात लावत नाही.

दुसरं बघायचं ते, लेख कुठल्या टप्प्यावर आहे. त्यात काही बदलायला अजून वेळ आहे का, हा खरा प्रश्न. दिवाळी अंकासाठीचा लेख जून-जुलैमध्ये आला तर लेखक अजून दोन परिच्छेद इकडचे तिकडे करू शकतो, तोच लेख पानं लागत असताना आला तर तुमची समीक्षा कितीही बरोबर असली तरी त्याच्या काही उपयोगाची नाही, त्याला फक्त रात्रीची झोप लागणार नाही. तेव्हा चुका काढा, संपादकाला शंका कळवा, बाकी मनात ठेवा. उलट लेखाला शीर्षक नाही, शेवट लटकतोय, कंसात "इथे आकडा टाकायचा" असं स्वतःसाठीच लिहून ठेवलंय, तर तो कच्चा खर्डा आहे, त्यातल्या वेलांट्या आज सुधारल्यात तर परवा ती वाक्यंच उडालेली असतील. शेवटी "शब्दसंख्या १०४८" असं लिहिलेलं असेल तर कुणीतरी शब्द मोजलेत, म्हणजे कुठेतरी मर्यादा आहे, म्हणजे स्पर्धा किंवा परीक्षा.

आता मुख्य गोष्ट. एवढं बघून झालं की मी एक कागद घेते आणि लेखाचा सारांश तीन-चार ओळींत स्वतःसाठी लिहून बघते. पाठवायला नाही, स्वतःसाठी. एकदा वाचायचं, स्क्रीन बाजूला करायची, आणि लिहायचं, पुन्हा न बघता. या कच्च्या सारांशावरून जेवढं कळतं तेवढं कशावरूनच कळत नाही. ओळी सरळ आल्या आणि शेवटची ओळ लेखाच्या शीर्षकाला जाऊन भिडली तर लेख बांधलेला आहे, त्याला प्रूफरीडिंग पुरेल. ओळी आल्या पण तुम्हाला त्या पटल्या नाहीत, तर तो तुमचा मतभेद आहे, आणि न मागता तो द्यायचा नसतो, हे नवीन माणसाला फार जड जातं पण खरंच द्यायचा नसतो. आणि ओळी आल्याच नाहीत, किंवा दोन ओळी एकीकडे आणि तिसरी भलतीकडे निघाली, तर लेखात खोट आहे आणि लेखकाला ती सांगायला हवी, मग त्याला चुका काढून हव्या असोत की नसोत. एकदा मात्र तपासून घ्या की सारांश अडला तो लेखामुळे, तुमच्या थकव्यामुळे नाही. जिथे अडला तो परिच्छेद एकटा पुन्हा वाचायचा, दुसऱ्यांदाही तिथेच अडला तर लेखाचा दोष.

परवाचंच उदाहरण सांगते. मुलाची काही ओळखण्यासारखी माहिती देत नाही. रात्री पावणेदहाला एका अनोळखी नंबरवरून निबंध आला. नमस्कार नाही, नाव नाही. शीर्षक "पाणी : टंचाई की वाटप?", शब्द साधारण ११४०. पीडीएफच्या खुणा नाहीत, ओळी अखंड, पण टाइपिंगच्या घाईच्या चुका, म्हणजे स्वतः टाइप केलेलं. शीर्षक प्रश्नाच्या रूपात, सुरुवात एका प्रसंगानं, मध्यात इतिहास, मग धोरण, शेवटी उपाय. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर २५० गुणांचा, तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी १२५ गुण, आणि प्रत्येक निबंध १००० ते १२०० शब्दांचा असतो, तो मराठीतूनही लिहिता येतो. म्हणजे हा बहुधा सरावाचा निबंध. इथेच एक निर्णय झाला. परीक्षेत तो हातानं नवीन विषयावर लिहिणार आहे, त्यामुळे या निबंधाची शुद्ध केलेली प्रत त्याच्या काही कामाची नाही, तो ती कुठे देणार नाहीये. कामाचं काय, तर त्याच्या चुकांमधली सवय कुठली ते.

मग सारांश लिहिला. पहिली ओळ आली, १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात धान्याची आणि रोजगाराची टंचाई होती आणि सरकारनं लोकांच्या हाताला काम दिलं. दुसरी, नंतरच्या दुष्काळांत धान्य मिळत होतं, पिण्याचं पाणी मिळत नव्हतं. तिसरी, कारण असलेलं पाणी थोड्या क्षेत्रातला ऊस पितो, आणि पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं पाणी जमिनीच्या हिशोबानं न देता घरातल्या माणसांच्या हिशोबानं वाटून दाखवलं, ऊस लावायचा नाही या अटीवर. इथपर्यंत सगळं उतारावरच्या पाण्यासारखं येत गेलं. आणि चौथी ओळ काय, तर प्रत्येकानं ब्रश करताना नळ बंद ठेवावा. मी परत जाऊन शेवटचे दोन परिच्छेद वाचले. खरंच तेच होतं. शीर्षकात विचारलं टंचाई की वाटप, तीन चतुर्थांश निबंधानं उत्तर दिलं वाटप, आणि शेवट टंचाईच्या बाजूनं, तोही घरगुती बचतीवर. परीक्षा जवळ आली की मुलं शेवट पाठ करून ठेवतात, आशावादी, सगळ्यांना चालेल असा, आणि तो कुठल्याही निबंधाला चिकटवतात, हे मी बऱ्याच वह्यांत पाहिलंय.

म्हणजे समीक्षा, पण एकाच जागेची. बाकी लेखावर मला म्हणायला अजून चार गोष्टी होत्या, सुरुवातीचा प्रसंग लांबलाय, एक आकडा मोघम आहे वगैरे, त्या मी लिहिल्या नाहीत. न मागता पाच दोष सांगितले की माणूस पाचही सोडून देतो, एक सांगितला तर तो दुरुस्त करतो.

शुद्धलेखनाचं मी असं केलं. पहिले तीनशे शब्द बारकाईनं तपासले आणि तिथेच थांबले. चुका अकरा निघाल्या, पण प्रकार दोनच. "विहीरीत", "जमीनीचा", "गरीबांना" अशा सात. मूळ शब्दात शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असतं, विहीर, जमीन, गरीब, पण प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होतं, विहिरीत, जमिनीचा, गरिबांना. तत्सम शब्दांना हे लागू नाही, शरीर-शरीरात तसंच राहतं, म्हणून मुलांचा गोंधळ होतो. उरलेल्या चार "परंतू" आणि "आणी", तिथे ऱ्हस्वच. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि पुढे १९७२ मध्ये वाढून झालेले अठरा, एवढे जरी हाताशी ठेवलेत तरी अशा निबंधातल्या बहुतेक चुका कुठल्या नियमाखाली येतात ते दाखवता येतं. आणि एक तिसरी गोष्ट, जी चूक नाही पण सांगावी लागते, तो अर्ध्या वाक्यांत "केले, गेले" लिहितो आणि अर्ध्यांत "केलं, गेलं". दोन्ही मराठीच आहे, पण निबंधाच्या निवेदनात एकच धरायचं, परीक्षेला "केले".

अजून एक होतं, आणि ते या तिन्हीपैकी कशातच बसत नाही. त्यानं लिहिलं होतं की रोजगार हमीचा कायदा १९७२ साली झाला. योजना त्या दुष्काळाच्या काळातली, पण कायदा विधिमंडळात झाला १९७७ ला आणि अमलात आला २६ जानेवारी १९७९ पासून. अशी वस्तुस्थितीची चूक दिसली तर तुम्हाला काहीही करायला सांगितलेलं असो वा नसो, ती सांगायचीच. सारांश करत असाल तर ती चूक सारांशात जाईल, प्रूफ तपासत असाल तर तुमच्या हातून छापली जाईल. फक्त गुपचूप बदलायची नाही, शंका म्हणून लिहायची.

मी त्याला जे पाठवलं ते जवळजवळ जसंच्या तसं देते, म्हणजे आकार लक्षात येईल.

"नमस्कार. निबंध वाचला. हा तुम्ही परीक्षेच्या सरावासाठी लिहिलाय असं धरून लिहितेय, तसं नसेल तर सांगा. मला यातून जे कळलं ते असं : पाण्याचा प्रश्न पाऊस कमी पडण्याइतकाच, किंबहुना जास्त, वाटपाचा आहे, आणि पाणी पंचायतीनं वेगळं वाटप करून दाखवलं. हेच म्हणायचं असेल तर शेवटचे दोन परिच्छेद त्याच्याशी जुळत नाहीत, ते घरातल्या बचतीवर जातात. पाणी पंचायतीचा परिच्छेद शेवटाकडे नेऊन बघा. रोजगार हमी कायद्याचं साल तपासा, माझ्या माहितीप्रमाणे कायदा १९७७ चा आहे. पहिल्या तीनशे शब्दांत प्रत्यय लागल्यावर ऱ्हस्व न करण्याची चूक सात वेळा आहे, विहिरीत, जमिनीचा, गरिबांना असं हवं, पुढेही तीच असेल. आता सांगा, पूर्ण निबंध ओळीनं तपासून हवाय, की मांडणीबद्दल अजून सविस्तर हवंय?"

बघा, यात तिन्ही थोडं थोडं आहे. "मला जे कळलं ते असं" हा सारांशच आहे, पण तो लेखकासाठी फार मोलाचा सारांश आहे, कारण त्याला कळतं की वाचणाऱ्यापर्यंत काय पोचलं. तो चुकीचा वाटला तर तो लगेच सांगतो, आणि मग तुम्हाला त्याच्या मनातलं कळतं. माझा अंदाज चुकला असता, तो निबंध परीक्षेचा नसताच, तरी त्या पत्रातलं काही वाया गेलं नसतं. मला लागली वीसेक मिनिटं. पूर्ण प्रूफ करायला अशा लेखाला मला पाऊण तास लागतो, नीट समीक्षेला दीड तास, आणि चुकीचं धरून ते केलं असतं तर ते सगळं पाण्यात.

सकाळी उत्तर आलं, "मॅडम किती मार्क पडतील ते पाहिजे होतं." म्हणजे चौथंच काहीतरी. मी परीक्षक नाही, मार्क मी देत नाही, ते त्याला सांगितलं आणि ज्यानं उत्तरपत्रिका तपासल्यात अशा माणसाला दाखव म्हटलं. शेवट मात्र त्यानं बदलून परत पाठवला, तेव्हा नीट "फक्त शेवट बघा" असं लिहून.

उत्तर जे येतं ते कसं वाचायचं हेही सांगते, कारण आपल्याकडे लोक शब्द ठरावीक वापरतात. "तपासून द्या" म्हटलं की चुका काढायच्या, बाकी बोलायचं नाही. "कसं वाटलं?" म्हटलं तर त्यांना एक वाचक हवाय, तिथे काय आवडलं ते खरं खरं आणि नेमकं सांगायचं, कुठला परिच्छेद, कुठलं वाक्य, आणि जमलंच तर एक शंका. "हात फिरवा जरा" हा सगळ्यात धोक्याचा, कारण त्याचा अर्थ काहींना दोन वेलांट्या असा असतो आणि काहींना आख्खा लेख पुन्हा लिहून द्या असा. "हात फिरवा" आलं की मी एकच परिच्छेद हात फिरवून पाठवते आणि विचारते, इतपत चालेल का, कमी की जास्त? नमुना समोर असला की माणूस बरोबर उत्तर देतो. पैशाचं बोलणंही त्याच वेळी करून टाका, नमुना दाखवून दर सांगितला की दोघांनाही कळतं कशाचे पैसे आहेत.

एका ठिकाणी मात्र माझी पद्धत वेगळी आहे. निबंधावर शाळेचं किंवा कॉलेजचं नाव, तुकडी, रोल नंबर असेल, म्हणजे मार्कांसाठी द्यायचं काम असेल, तर मी वाक्यं दुरुस्त करून देत नाही. ते मुलाचं काम आहे आणि त्याच्या शिक्षकांनी किती मदत चालेल म्हटलंय ते मला माहीत नसतं. कुठल्या प्रकारच्या चुका आहेत ते सांगते, जागा दाखवते, दुरुस्ती त्याची त्यानं करायची. पालक पाठवतात तेव्हा त्यांना हे पटत नाही, मी तरीही करत नाही.

आणि तुमच्या त्या पहिल्या पत्राला उत्तरच आलं नाही तर? येत नाही, बऱ्याचदा येत नाही. एक दिवस थांबायचं, एकदा "मिळालं का?" विचारायचं आणि तो निबंध बाजूला ठेवायचा. उत्तर नाही म्हणून स्वतःहून पूर्ण प्रूफ करून पाठवू नका. मी सुरुवातीला पाठवायचे, वाटायचं आपण मदतच करतोय, पण त्या माणसानं तोवर दुसरा खर्डा केलेला असायचा आणि माझ्या दुरुस्त्या जुन्या प्रतीवर, मग तो दोन्ही प्रती एकमेकींत मिसळायचा आणि नव्या प्रतीत जुन्या चुका परत यायच्या. आता माझ्याकडे आलेल्या प्रत्येक मजकुराच्या वर मी तारीख आणि पहिल्या वाक्यातले चार शब्द लिहून ठेवते, आणि काम सुरू करण्याआधी "हीच शेवटची प्रत ना?" एवढं विचारते.